गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनला का दिसत नाही, आणि आता काय करता येईल

प्रश्न: "पाच वर्षं अँड्रॉइड वापरून चार दिवसांपूर्वी आयफोन घेतला, १२८ जीबीचा. दुकानातच सुरू करून दिला, ॲपल आयडीही त्यांनीच बनवला. व्हॉट्सॲपचा बॅकअप रोज गुगल ड्राइव्हवर होत होता म्हणून निर्धास्त होतो, पण आयफोनवर नंबर टाकल्यावर रिस्टोअरचं विचारलंच नाही, सगळं रिकामं. जुन्या फोनवर व्हॉट्सॲप साधारण ३१ जीबी आणि कॅमेऱ्याचे फोटो-व्हिडिओ ५४ जीबी आहेत. जुना फोन चालू आहे, ॲप काढलेलं नाही. चॅट, फोटो आणि बाकीच्या ॲपचा डेटा कसा आणू?"

उत्तर:

शेवटून दुसरं वाक्य वाचून हायसं वाटलं. जुना फोन चालू आहे आणि त्यावरचं व्हॉट्सॲप तुम्ही काढलेलं नाही, म्हणजे चॅट जागच्या जागी आहेत. हे उत्तर वाचून होईपर्यंत त्या फोनवर काहीही डिलीट करू नका. तो घरात कुणाला देऊन टाकायचं ठरलं असेल, तर तेही थांबवा.

तुमचा बॅकअप बिघडलेला नाही. तो आयफोनला वाचता येत नाही, इतकंच. व्हॉट्सॲप अँड्रॉइडवर आपला बॅकअप गुगल ड्राइव्हवर ठेवतं आणि आयफोनवर आयक्लाउडवर. आयफोनवरचं व्हॉट्सॲप ड्राइव्हकडे बघतच नाही. त्यामुळे आयफोनवर गुगल खातं जोडलं, ड्राइव्हचं ॲप घातलं, तरी काही फरक पडणार नाही. ड्राइव्हवरचा बॅकअप फक्त अँड्रॉइड फोनवर उतरतो.

अँड्रॉइडवरून आयफोनवर चॅट नेण्याची व्हॉट्सॲपची अधिकृत सोय २०२२ साली आली. ती बॅकअपमधून जात नाही, एका फोनमधून थेट दुसऱ्या फोनमध्ये जाते, आणि त्यासाठी ॲपलचं Move to iOS हे ॲप लागतं. तुमच्या बाबतीत महत्त्वाची अट अशी की आयफोन कोरा हवा: नवा कोरा, किंवा पुसून पुन्हा कोरा केलेला. सुरुवातीच्या सेटअपमध्ये एका पडद्यावर ही वाट असते. तो पडदा ओलांडला की आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ती पुन्हा सापडत नाही. दुकानदाराने घाईत तो पडदा पुढे ढकलला, तिथेच संधी गेली. हे मी वरचेवर पाहतो, कारण दुकानात फोन 'सुरू करून देणं' म्हणजे पाच मिनिटांत होमस्क्रीन दाखवणं.

म्हणून माझा सल्ला: आयफोन पुसा आणि सेटअप पुन्हा करा. चार दिवसांत त्यात फार काही साठलेलं नाही. हेच चार महिन्यांनी विचारलं असतं तर निर्णय जड गेला असता, कारण जुनी आणि नवी चॅट एकत्र होत नाहीत. एक ठेवायची तर दुसरी सोडावी लागते.

दुसरी गोष्ट याच्याशी जोडलेली आहे आणि बहुतेक लोक तिथेच अडकतात. Move to iOS मधून फोटो, व्हिडिओ, फायली, संपर्क, एसएमएस, कॅलेंडर असं बरंच काही नेता येतं, म्हणून सगळ्यावर टिक करायचा मोह होतो. तुमच्या बाबतीत मी तसं करणार नाही. ३१ आणि ५४ मिळून ८५ जीबी झाले. १२८ जीबीच्या फोनमध्ये आयओएस आणि ॲपची जागा वजा केल्यावर हे कसंबसं बसेल आणि पहिल्याच दिवशी फोन भरत येईल. शिवाय जेवढा डेटा जास्त तेवढा वेळ जास्त, आणि मध्येच जोडणी तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. फोटो पुढच्या महिन्यातही आणता येतात. व्हॉट्सॲप मात्र याच बैठकीत आणावं लागतं. त्यामुळे या बैठकीत व्हॉट्सॲप, संपर्क आणि एसएमएस एवढंच घ्या.

पुसण्याआधी

आधी ॲपल आयडीचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का ते बघा. दुकानदाराने बनवला असेल तर तो कागदावर लिहून दिलेला असतो किंवा नसतोही. पुसताना फाइंड माय ही हरवलेला फोन शोधायची सोय बंद करायला हाच पासवर्ड लागतो. शिवाय त्या आयडीला जोडलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे ना, दुकानातल्या कुणाचा तर नाही ना, हे सेटिंग्जमध्ये सगळ्यात वरच्या नावावर टॅप करून तपासा. पासवर्ड माहीत नसेल तर फोन पुसायच्या आत तो बदलून घ्या.

चार दिवसांतले आयफोनवरचे फोटो वाचवायला त्यावर गुगल फोटोज घाला, जुन्याच गुगल खात्याने लॉगिन करा आणि बॅकअप पूर्ण होऊ द्या. व्हॉट्सॲपवर या दिवसांत आलेल्यातलं काही महत्त्वाचं असेल, तर त्या चॅटच्या नावावर टॅप करून तळाशी Export Chat आहे. त्यातून झिप फाइल मिळते, आत संभाषण साध्या मजकुरात असतं. ती स्वतःला मेल करा. ही फाइल पुन्हा व्हॉट्सॲपमध्ये भरता येत नाही, वाचायला राहते इतकंच. बाकी या चार दिवसांतले मेसेज जातील, ते सोडून द्या.

आता जुन्या फोनकडे या. आयफोनवर नंबर टाकला तेव्हा जुन्या फोनवरचं व्हॉट्सॲप लॉगआउट झालं. ते उघडून तोच नंबर पुन्हा टाका. ओटीपीचा एसएमएस सिम जिथे असेल तिथे, म्हणजे आयफोनवर येईल. तो बघून जुन्या फोनवर हाताने टाइप करा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावला असेल तर तोही विचारला जाईल. पिन आठवत नसेल आणि त्याला ईमेल जोडलेला नसेल, तर सात दिवस थांबावं लागतं, तेव्हा ही खात्री आधीच करा. आत गेल्यावर जुनी चॅट दिसली पाहिजेत. ओटीपी पुन्हा पुन्हा मागवू नका. तसं केलं की व्हॉट्सॲप काही तास थांबायला लावतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी जुन्या फोनवरून ॲप काढून टाकलं असेल, तर ड्राइव्हवरचा बॅकअप त्यांच्या इथे कामाला येतो. त्याच फोनवर, त्याच गुगल खात्याने आणि त्याच नंबरने व्हॉट्सॲप पुन्हा घाला आणि Restore दाबा. तिथे घाईत रिस्टोअर वगळून पुढे गेलात, तर रात्री नवा, जवळजवळ रिकामा बॅकअप जुन्याच्या जागी जाऊन बसू शकतो. मग खरंच काही हाती राहत नाही.

तुमच्याकडे चॅट दिसू लागली की Settings, Chats, Chat backup मध्ये जाऊन एक ताजा बॅकअप घ्या आणि खाली लिहिलेली तारीख-वेळ आजची आहे का ते पाहा. आयफोनला तो दिसत नाही, पण जुना फोनच बिघडला तर तोच आधार. घरी संगणक असेल तर फोन केबलने जोडून खालचा फोल्डरही उतरवून ठेवा. त्यात व्हॉट्सॲपचे फोटो-व्हिडिओ आणि चॅटची कुलूपबंद फाइल असते.

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp
```

मग थोडी झाडझूड. Settings, Storage and data, Manage storage मध्ये व्हॉट्सॲप मोठ्या फायली वर काढून दाखवतं. ३१ जीबीत फॉरवर्ड होऊन आलेले व्हिडिओ आणि सुप्रभातची चित्रं किती आहेत हे तिथे कळेल. फॅमिली ग्रुपचे गणपती-दिवाळीचे तेच ते व्हिडिओ काढले तरी बराच भार उतरतो. जुन्या फोनवरही मोकळी जागा हवी, कारण पाठवायच्या डेटाची बांधाबांध तिथेच होते. तो अगदी भरलेला असेल तर तयारीचा टप्पा मध्येच थांबतो.

प्रत्यक्ष स्थलांतर

हे काम रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, दोन-तीन तास हाताशी ठेवून करा. दोन्ही फोन चार्जरला, दोन्ही एकाच वायफायवर, आणि जुन्या फोनवर व्हॉट्सॲप व Move to iOS अद्ययावत.

आयफोनवर Settings, General, Transfer or Reset iPhone, Erase All Content and Settings. ई-सिम वापरत असाल तर पुसताना ते ठेवायचं की काढायचं असं विचारलं जातं. ठेवायचं म्हणा. चुकून काढलंत तर कंपनीकडून पुन्हा मागवावं लागेल, आणि सिम बदललं की आपल्याकडे पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवतात. मग ना ओटीपी येणार, ना यूपीआय सुरू होणार. याच कारणासाठी फोन बदलण्याच्या दिवशीच साधं सिम ई-सिममध्ये बदलू नका. दोन-चार दिवसांनी सावकाश करा.

फोन कोरा झाला की भाषा, देश, वायफाय करत पुढे जा. Transfer Your Apps & Data हा पडदा येईल, तिथे From Android निवडा. आयक्लाउड बॅकअपमधून रिस्टोअर करायचा पर्याय तिथेच दिसेल आणि चार दिवसांचा बॅकअप खुणावेलही. तो घेतलात तर अँड्रॉइडची वाट बंद. दोन्ही एकत्र होत नाहीत.

जुन्या फोनवर Move to iOS उघडा, मागितलेल्या परवानग्या द्या आणि आयफोनवर दिसणारा आकडी कोड टाका. आयफोन आता स्वतःचं तात्पुरतं वायफाय तयार करतो आणि अँड्रॉइड त्याला जोडला जातो. या वायफायवर इंटरनेट नसतं, आणि गडबड सुरू होते ती इथून. अनेक अँड्रॉइड फोन इंटरनेट नाही म्हटल्यावर आपणहून ते नेटवर्क सोडतात आणि मोबाइल डेटाकडे वळतात. म्हणून मोबाइल डेटा आधीच बंद करा, आणि आपोआप नेटवर्क बदलण्याची सेटिंग असेल तर तीही. 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही, जोडलेलं राहायचं का' असं विचारलं तर हो म्हणा.

यादीत WhatsApp वर टिक केलं की व्हॉट्सॲपचा वेगळा पडदा उघडतो. Start दाबा, तयारी पूर्ण होऊ द्या, मग Next दाबून परत या. इथे जुन्या फोनवरचं व्हॉट्सॲप पुन्हा लॉगआउट होतं. तसं व्हायचंच असतं, चॅट तिथेच राहतात. आता संपर्क आणि मेसेज यांवर टिक करा, फोटो सोडा, आणि Continue.

यानंतर जुन्या फोनला हात लावू नका. दुसरं ॲप उघडलं किंवा फोन आला तरी काम तुटू शकतं. सिम आयफोनमध्ये असेल तर कॉलचा प्रश्न येत नाही. आयफोनवरचा उरलेल्या वेळेचा अंदाज फार मनावर घेऊ नका, तो वरखाली होत राहतो. अँड्रॉइडवर काम झाल्याचा संदेश आला तरी आयफोनवरची पट्टी पूर्ण भरेपर्यंत दोघांना तसंच ठेवा. लोक नेमके इथे उठतात.

सेटअप संपला की दुसरं काही न करता ॲप स्टोअरवरून व्हॉट्सॲप घाला आणि जुनाच नंबर टाका. जुना म्हणजे अगदी तोच. नंबर बदलायचा असेल तर तो नंतर व्हॉट्सॲपच्या आतून बदला. नंबर पडताळला की अँड्रॉइडवरून आलेली चॅट आत घेण्याबद्दल विचारणारा पडदा येतो, तिथे Start. सगळं नीट पोहोचल्याची खूण हाच पडदा आहे. तो आला नाही आणि थेट रिकामी यादी दिसली, तर डेटा पोहोचलेला नाही. तेव्हा वापरायला सुरुवात करू नका. जुन्या फोनवर पुन्हा लॉगिन करा, आयफोन पुसा, परत एकदा. कंटाळा येतो, पण नुकसान होत नाही, कारण मूळ प्रत अँड्रॉइडवरच असते.

कॉलची यादी आणि व्हॉट्सॲपवरून केलेल्या पैशांच्या व्यवहारांचे मेसेज मात्र येत नाहीत. त्यातलं काही जपायचं असेल तर आधी स्क्रीनशॉट घ्या. मूळ व्हॉट्सॲपऐवजी एखादी बदललेली आवृत्ती वापरत असाल, तर ही वाट तुमच्यासाठी नाही. आणि 'आयफोन न पुसता चॅट आणून देतो' म्हणणाऱ्या पैसे घेणाऱ्या संगणकी सॉफ्टवेअरपासून मी गिऱ्हाइकांना दूरच ठेवतो. त्यांच्या हाती तुमचं पाच वर्षांचं सगळं बोलणं जातं आणि ते कुठे थांबतं हे कळायला मार्ग नाही.

चॅट आली म्हणजे ती आयक्लाउडवर गेली असं नाही. आयफोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये Chat Backup मध्ये जाऊन पहिला बॅकअप स्वतः घ्यावा लागतो, आणि फुकटचं आयक्लाउड ५ जीबीचं असतं. ३१ जीबी त्यात मावणार नाहीत. एकतर जागा विकत घ्या, नाहीतर व्हिडिओ वगळून बॅकअप घ्या.

फोटो

पहिला प्रश्न: ते ५४ जीबी खरोखर जुन्या फोनमध्ये आहेत, की काही फक्त गुगलवर? गुगल फोटोजमध्ये कधी Free up space दाबलं असेल, तर जुने फोटो फोनवरून गेलेले असतात. दिसतात फोनवरच, पण असतात गुगलच्या सर्व्हरवर. Move to iOS ला असे फोटो नेता येत नाहीत. 'निम्मेच फोटो आले' या तक्रारीमागे मला बहुतेक वेळा हेच सापडतं.

तुमच्यासाठी सोपी वाट अशी की जुन्या फोनवर गुगल फोटोजचा बॅकअप पूर्ण होऊ द्या आणि आयफोनवर तेच ॲप वापरा. १२८ जीबीवर भारही पडत नाही. फक्त बॅकअपची प्रत मूळ दर्जाची आहे की जागा वाचवणारी, हे सेटिंग्जमध्ये बघून घ्या. गुगलची फुकट जागा १५ जीबीच असते, तेव्हा ५४ जीबी तिथे बसतील का हाही हिशेब आला. बसत नसतील तर सरळ केबलने संगणकावर उतरवा. DCIM नावाचा फोल्डर घ्या म्हणजे कॅमेऱ्याचं सगळं आलं.

फोटो ॲपलच्याच फोटोजमध्ये हवे असतील, तर गुगल टेकआउट या डेटा बाहेर काढायच्या सेवेतून ते थेट आयक्लाउड फोटोजमध्ये पाठवायची सोय २०२४ पासून आहे. फोनची बॅटरी जळत नाही, सर्व्हरवरून सर्व्हरवर जातात. आयक्लाउडवर तेवढी जागा मात्र हवी. आणि आयफोनवर गुगल फोटोजमधून काही डिलीट करताना पडद्यावरचा संदेश वाचा: परवानगी दिलीत तर तो फोटो ॲपलच्या फोटोजमधूनही जातो.

बाकीची ॲप

Move to iOS दोन्हीकडे उपलब्ध असलेली काही मोफत ॲप आयफोनवर सुचवतं, पण त्यांच्या आतला डेटा आणत नाही. प्ले स्टोअरवर पैसे भरून घेतलेलं ॲप आयफोनवर पुन्हा विकत घ्यावं लागतं.

ज्या ॲपचा डेटा खात्यात असतो, जसं जीमेल, गुगल कीप, डिजिलॉकर, तिथे लॉगिन केलं की काम झालं. ज्यांचा डेटा फोनमध्येच असतो त्यांच्याकडे एकेक करून बघावं लागतं. फोनच्या कंपनीचं नोट्सचं ॲप, कॉल रेकॉर्डिंग, हिशेबाची छोटी ॲप ही त्यातली नेहमीची मंडळी. त्यांतून पीडीएफ किंवा फाइल काढता येते का ते पाहा आणि ड्राइव्हवर टाका. गुगल ऑथेंटिकेटर वापरत असाल तर त्यात Transfer accounts आहे, तिथून आलेला क्यूआर आयफोनने स्कॅन करा. हे जुना फोन रिकामा करायच्या आत झालंच पाहिजे, नाहीतर मेल आणि ट्रेडिंगच्या खात्यांबाहेर बसाल.

यूपीआय आणि बँकेची ॲप कुठल्याच बॅकअपमधून येत नाहीत. ती फोन आणि सिमशी बांधलेली असतात, तेव्हा नव्याने नोंदणी करावी लागते. तुम्ही गेल्या चार दिवसांत केली असेल, तरी पुसल्यावर पुन्हा. अँड्रॉइडवर पडताळणीचा एसएमएस ॲप आपणहून पाठवतं. आयफोनवर तसं चालत नाही: मेसेजची खिडकी उघडते, त्यात अगम्य अक्षरं आधीच लिहिलेली असतात, आणि पाठवायचं बटण तुम्ही दाबायचं असतं. त्या मजकुरात काही बदल करू नका. दोन सिम असतील तर वर कुठली लाइन निवडली आहे ते बघा, बँकेत नोंदवलेल्या नंबरवरूनच एसएमएस गेला पाहिजे. 'नोंदणी होत नाही' म्हणून येणाऱ्यांचं दुखणं अनेकदा एवढंच असतं, किंवा मग रिचार्जमध्ये एसएमएस नसणं.

नव्या फोनवर सुरुवातीला यूपीआयची मर्यादा ₹५,००० असते. काही बँका अँड्रॉइडवर ती २४ तास आणि आयफोनवर ७२ तास ठेवतात. घरभाडं किंवा फी भरायची तारीख जवळ असेल तर ते आधी उरकून मग फोन पुसायला घ्या.

जुना फोन मी निदान महिनाभर तसाच ठेवायला सांगतो, चार्ज करून, व्हॉट्सॲप न काढता. काहीतरी राहिलंय हे त्याच महिन्यात आठवतं. एखादं ॲप उघडल्यावर 'अरे, हे कुठे गेलं' असं होतं तेव्हा तो हाताशी लागतो. तुमच्याकडे कुठल्या टप्प्यावर अडलं तर पडद्यावर नेमकं काय लिहून आलं ते इथे टाका. अँड्रॉइड कुठला आहे तेही सांगा, कारण वायफाय आपोआप बदलण्याची सेटिंग प्रत्येक कंपनी वेगळ्या ठिकाणी लपवते.